ईएफ ६० टक्के आहे, मग मावशीचे पाय का सुजलेत?

पाथर्डी_फाटा
मावशी, वय ५४, सिन्नरजवळच्या गावात राहते. आठ-नऊ महिन्यांपासून दम लागतोय. आधी जिना चढताना लागायचा, आता अंगण झाडतानाही मध्येच बसावं लागतं. दोन्ही पाय सुजतात, पोट गच्च वाटतं, जेवण निम्म्यावर आलंय.
इको दोनदा झाला. मार्चच्या रिपोर्टात ईएफ ६०, आरव्हीएसपी ८१, टॅप्से १७. ऑक्टोबरच्या रिपोर्टात ईएफ ६०, आरव्हीएसपी ६८, टॅप्से १३, आणि खाली उजवे कप्पे मोठे झाल्याची ओळ. निदान म्हणून 'पल्मनरी हायपरटेन्शन' एवढंच लिहिलंय.
घरच्यांचं म्हणणं, हृदय उत्तम आहे आणि प्रेशर ८१ वरून ६८ वर आलंय, म्हणजे सुधारणाच झाली. मग तब्येत उलट्या दिशेने का चाललीय?

द्राक्षबाग
मीठ बंद करा, लोणचं-पापड बंद. बीपीची गोळी वेळेवर घेतात का? आमच्या वाड्यात एकींना असंच झालं होतं, गोळी बदलली आणि उतरलं.

पाथर्डी_फाटा
दादा, तिचं बीपी १०४/७० आहे.

द्राक्षबाग
मग हायपरटेन्शन कुठलं म्हणताहेत?

ओपीडीनंतरचा_चहा
फुफ्फुसातलं, द्राक्षबाग. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो डाव्या बाजूचा दाब. उजवी बाजू फुफ्फुसात रक्त ढकलते, तिचा दाब त्या पट्ट्याला कळत नाही. निरोगी माणसात फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब १४ च्या आसपास असतो, म्हणजे डाव्या बाजूच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका. म्हणून उजव्या कप्प्याची भिंतही पातळ असते, तीन-चार मिलिमीटरची. डाव्याची तिच्या दुप्पट-तिप्पट जाड. उजवा कप्पा कमी दाबाने भरपूर रक्त वाहून नेण्यासाठीच घडलेला असतो.
बीपीची गोळी इथे उलट घातक ठरू शकते. १०४ चं ८५ झालं तर मावशी चक्कर येऊन पडतील.
आता मूळ प्रश्न. ईएफ हा आकडा फक्त डाव्या कप्प्याचा असतो. उजव्यावर ताण आला की तो आधी भिंत जाड करतो, काही काळ निभावतो, मग पसरू लागतो. पसरला की मधली भिंत डावीकडे ढकलली जाते. इकोत गोल दिसणारा डावा कप्पा मग एका बाजूने चपटा, कापलेल्या कलिंगडाच्या फोडीसारखा दिसतो. त्यातच फुफ्फुसातून डावीकडे रक्तही कमी येतं. समजा एरवी ११० मिली भरायचं तिथे ६० मिलीच भरलं. त्यातलं ६० टक्के बाहेर गेलं म्हणजे ३६ मिली. ईएफ ६० राहिला, पण शरीराला ६६ च्या जागी ३६ मिली मिळालं. टक्का तोच राहिला, डबा मात्र लहान झाला.
पाय आणि पोट सुजतात ते मागे तुंबल्यामुळे. उजवा कप्पा पुढे ढकलू शकत नाही, म्हणून रक्त यकृतात, आतड्यात, पायात साठतं. जेवण निम्म्यावर येतं तेही त्याच कारणाने.

अर्धी_मिसळ
म्हणजे दुकान उघडं, गल्ला चालू, ६० टक्के माल खपतोय, पण मालच निम्मा येतोय. खिक्.

प्रोब_आणि_जेल
इको करणाऱ्याच्या खुर्चीतून लिहितो. आरव्हीएसपी म्हणजे उजव्या कप्प्यातला आकुंचनाच्या वेळचा दाब. हा आकडा आम्ही मोजत नाही, काढतो. उजव्या बाजूची झडप थोडी गळत असते. त्या गळतीचा वेग डॉप्लरने मिळतो, त्याचा वर्ग करून चारने गुणायचं आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवायचा. रिपोर्टात टीआर व्हेलॉसिटी लिहिली असेल ती द्या. आयव्हीसी, म्हणजे खालून हृदयाकडे येणारी मोठी शीर, तिची रुंदी असेल तर तीही.

पाथर्डी_फाटा
मार्चमध्ये ४.२ मीटर प्रति सेकंद, ऑक्टोबरमध्ये ३.८. आयव्हीसी फक्त दुसऱ्यात आहे, २३ मिलिमीटर, 'श्वासाबरोबर कमी आकुंचन'.

प्रोब_आणि_जेल
मग गणित मांडू. ३.८ × ३.८ = १४.४, गुणिले चार म्हणजे ५८. रिपोर्टात ६८ आहे, म्हणजे सरसकट १० मिळवलेत. मार्चचंही तसंच, ४.२ चे ७१, अधिक १० म्हणजे ८१. पण आयव्हीसी २१ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि हुंगल्यावर निम्म्याहून कमी आकसत असेल तर १५ धरतात. त्या हिशेबाने आजचा आकडा ७३ येतो. बारीक आणि नीट आकसणारी असेल तर ३ धरतात, अधल्यामधल्यांना ८.
म्हणून दोन रिपोर्ट ताडताना शेवटचा आकडा बाजूला ठेवून वेगाशी वेग ताडा. आणि वेगावरही डोळे मिटून विश्वास नको. बीम गळतीच्या धारेला सरळ लागला नाही तर वेग कमी दिसतो. धारेची कड अंधुक असताना आम्ही अंदाजाने रेघ ओढली तर जास्त दिसतो.

चुलीवरची_भाकर
काही असो, ८१ काय, ७३ काय, ६८ काय, कमी झालंय ना? सरासरी २५ च्या वर म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, त्यावर सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. हीच गोळी सगळीकडे देतात. सुरू करा, उगाच वेळ घालवू नका.

ओपीडीनंतरचा_चहा
भाकरताई, थांबा. तुमच्या तीन वाक्यांत तीन गोष्टी आहेत, एकेक घेतो.
२५ ही जुनी रेघ. आता सरासरी २० च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन धरतात. आणि हा सरासरी दाब आहे. इकोतला ६८ हा वरचा, आकुंचनाच्या वेळचा. त्यांची सरळ तुलना होत नाही.
दुसरं, 'कमी झालंय'. इथेच घरोघरी फसगत होते. नाशिककरांना सांगायला सोपं आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेचं पाणी गुडघ्यावर आलं तर पूर ओसरला म्हणायचं. पण वरून येणारं पाणीच आटलं असेल तरी पातळी उतरते, पात्र गाळाने भरलेलंच राहतं. दाब म्हणजे प्रवाह गुणिले अडथळा. मावशींच्या फुफ्फुसातला अडथळा हटला म्हणायला काही आधार नाही. पंप मात्र दमलाय, कारण टॅप्से १७ चं १३ झालंय. टॅप्से म्हणजे उजव्या झडपेची कड एका ठोक्यात किती मिलिमीटर खाली सरकते ते. १७ च्या खाली गेलं की उजवा कप्पा कमजोर समजायचा. दाब उतरतोय, टॅप्सेही उतरतंय आणि सूज वाढतेय, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की ती सुधारणा नसते.
तिसरं, गोळी. रात्री लिहितो.

अर्धी_मिसळ
दुतोंड्या मारुती हृदयरोगाच्या धाग्यावर येईल असं वाटलं नव्हतं. बाकी पुराची उपमा पक्की बसली.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
थोडं अवांतर. वडिलांना विड्यांमुळे फुफ्फुसाचा जुना आजार आहे, इकोत ५० आलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावला आणि श्वासाने ओढायचे पंप बदलून दिले, ही सिल्डेनाफिल काही दिली नाही. आता वाचून वाटतंय, आमचं काही राहून गेलं का?

ओपीडीनंतरचा_चहा
नाही, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, रक्त हवेशीर भागाकडे वळावं म्हणून. अशा माणसाला सगळ्या वाहिन्या सैल करणारी गोळी दिली तर रक्त पुन्हा हवा नसलेल्या भागात जातं आणि ऑक्सिजन आणखी उतरतो. तिथे ऑक्सिजन हेच वाहिन्या सैल करणारं औषध. दिवसाचे निदान १५ तास लागतो, झोपेतला धरून. दम लागला की दहा मिनिटं नळी लावून काढून ठेवणं उपयोगाचं नाही.
हेच भाकरताईंना उत्तर. उजव्या बाजूचा दाब वाढण्याची कारणं वेगवेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. समजा झडप आकुंचल्यामुळे किंवा डावा कप्पा ताठ झाल्यामुळे रक्त पुढून तुंबत मागे आलंय. तिथे फुफ्फुसाच्या वाहिन्या सैल केल्या तर आधीच भरलेल्या बाजूला आणखी रक्त जातं आणि फुफ्फुसात पाणी होतं. शिवाय छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी. सिल्डेनाफिलवर असताना ती ठेवली तर बीपी धाडकन कोसळतं.

चुलीवरची_भाकर
मान्य. पण कारण कळणार कसं? तुम्हीच म्हणालात की इको अंदाज देतो.

ओपीडीनंतरचा_चहा
उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून नळी सरकवत उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या धमनीत जायचं, प्रत्येक मुक्कामावर दाब टिपायचा. टोकाला छोटा फुगा असतो, दीड मिली हवेचा. तो बारीक फांदीत फुगवला की मागचा दाब तुटतो आणि पुढचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब नळीला कळतो. याला वेज म्हणतात. सगळं उत्तर या एका आकड्याभोवती फिरतं. १५ पर्यंत असेल तर दोष फुफ्फुसाच्या वाहिन्यांकडे, त्याच्या वर असेल तर डाव्या बाजूकडे पाहायचं.
पुराच्या भाषेत, रामकुंडावरची पातळी पुढच्या तुंब्यामुळे चढलीय की मधल्या पात्रातल्या गाळामुळे, हे पुढे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.
निघताना एवढं सांगा, सरासरी दाब, वेज आणि कार्डिॲक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं ते, हे तिन्ही आकडे लिहून द्या. आणि वेज श्वास सोडल्याच्या शेवटी वाचलाय का, हे विचारा. दम लागलेल्या माणसात श्वासाबरोबर रेघ खूप वरखाली होते. मशीनने काढलेली सरासरी तशीच उचलली तर वेज चुकतो आणि पेशंट भलत्या गटात जातो.

गंगापूर_रोड_सायकलवाली
या नळीचा पहिला प्रयोग वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःवरच केला होता. दंडातून नळी घालून एक्स-रे काढायला स्वतः चालत गेला. पुढे १९५६ चं नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर.

अर्धी_मिसळ
आणि आम्ही शुगरची सुई टोचताना डोळे मिटतो.

पाथर्डी_फाटा
सगळ्यांचे आभार. कॅथ ठरलंय. मधल्या काळात काय सांभाळायचं? आणि मावशीचा हट्ट आहे, नवरात्रात वणीला गडावर जायचं राहिलं, आता जायचंय. घरात कोणी म्हणतंय नाशिक उंचावर आहे, तिला कोकणात नेऊन ठेवा.

प्रोब_आणि_जेल
नाशिक सहाशे मीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी कोकण गाठायची गरज नाही.

ओपीडीनंतरचा_चहा
बरोबर. दीड हजार मीटरच्या वर ऑक्सिजनशिवाय राहणं टाळा असं सांगतात. सप्तशृंगी गड त्याखाली आहे, तिथे घात करतील त्या पायऱ्या. चढताना शरीर जास्त रक्त मागतं आणि हा उजवा कप्पा ते वाढवून देऊ शकत नाही, मग मेंदूला कमी पडतं. चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हे या आजारातलं वाईट लक्षण. तसं कधी झालंय का, मावशींना मुद्दाम विचारा. नुसतं 'बरी आहेस ना' विचारलं तर बायका सांगत नाहीत. गडावर ट्रॉली आहे, पण सध्या तीही नको, देवी समजून घेईल.
घरी एक काम रोज. सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना फोन करायचा. लघवीची गोळी स्वतःहून वाढवायची नाही. उजव्या कप्प्याला फार भरलेलं सोसत नाही, फार कोरडंही सोसत नाही. जास्त गोळ्यांनी कोरडं केलं की बीपी पडतं. आणि उजव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त पोचतं ते महाधमनीतल्या दाबावर. एकीकडे तो दाब उतरला आणि दुसरीकडे कप्प्यातला दाब चढलेलाच राहिला, तर त्या स्नायूचीच उपासमार होते. मग घसरण झपाट्याने होते.

द्राक्षबाग
मीठ मात्र मी बरोबर सांगितलं होतं. लोणचं-पापड बंदच ना?

ओपीडीनंतरचा_चहा
हो, ते बंदच. तो गुण तुमचा.

पाथर्डी_फाटा
(तीन आठवड्यांनी) कॅथ झालं. कागदावरचे आकडे: उजवा वरचा कप्पा १४. फुफ्फुसाची धमनी ६८/२६, सरासरी ४०. वेज १०, श्वास सोडल्यावर वाचलाय, विचारलं. आउटपुट ३.० लिटर.

ओपीडीनंतरचा_चहा
वेज १० म्हणजे डावी बाजू सुटली. आता अडथळा काढू. सरासरीतून वेज वजा, ४० − १० = ३०, भागिले ३ म्हणजे १० वुड युनिट. दोनपर्यंत ठीक धरतात, इथे पाचपट आहे. उजव्या वरच्या कप्प्यात १४ म्हणजे मागे तुंबलंय, सुजेचा हिशेब जुळला.
आउटपुट ३ ऐवजी ४ असतं तर याच अडथळ्यावर सरासरी ५० आली असती, आणि पेशंट मात्र आजच्यापेक्षा बरी दिसली असती. मार्चमध्ये बहुधा तसंच होतं.

प्रोब_आणि_जेल
गंमत बघा, वरचा दाब कॅथमध्ये ६८ आणि रिपोर्टातही ६८. मी १५ मिळवायला सांगून ७३ केले होते. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आलं!

चुलीवरची_भाकर
म्हणजे सरसकट १० वाल्याचं चुकलं नाही.

प्रोब_आणि_जेल
चुकलंच. वरच्या कप्प्यात १४ निघाले, म्हणजे माझे १५ जवळ होते. वेग थोडा जास्त वाचला गेला असणार, दोन चुकांनी एकमेकींना खोडलं. शिवाय इको एका दिवशीचा, कॅथ दुसऱ्या दिवशीचं, मधे लघवीची गोळी चालू. यावर मी आणखी वाद घालू शकतो, पण घालत नाही.

ओपीडीनंतरचा_चहा
आता कारण शोधायचं. पाथर्डीभाऊ, गेल्या चार-पाच वर्षांत मावशींचा एकच पाय सुजला होता का? प्लॅस्टर, मोठं ऑपरेशन, अंथरुणाला खिळून राहणं?

पाथर्डी_फाटा
दोन वर्षांपूर्वी घोटा मोडला होता, दीड महिना प्लॅस्टर. नंतर पोटरी सुजली, रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने घेतल्या आणि थांबवल्या. हे आतापर्यंत कोणी विचारलंच नाही, आम्हीही सांगितलं नाही. कॅथच्या आधी सीटी अँजिओ झालाय, 'ताजी गुठळी नाही' असं आहे.

ओपीडीनंतरचा_चहा
'ताजी' हा शब्द नीट वाचा. पायातून सुटलेली गुठळी बहुतेकांत विरघळते. काहींत ती भिंतीला चिकटून दोऱ्यांसारखी, जाळीसारखी घट्ट होते. सीटीत असं जुनं जाळं, खासकरून बारीक फांद्यांतलं, नजरेतून सुटू शकतं. यासाठी व्हीक्यू स्कॅन करा. एकदा हवा कुठे पोचते ते बघायचं, एकदा रक्त कुठे पोचतं ते. हवा सगळीकडे पोचतेय आणि रक्ताचे पाचरीसारखे तुकडे गायब आहेत असं दिसलं, तर जुन्या गुठळ्यांचं पल्मनरी हायपरटेन्शन. स्कॅन स्वच्छ आला तर ही शक्यता जवळजवळ पुसता येते.
याच्या मागे लागायचं कारण एवढंच, की या प्रकारात ऑपरेशनने दाब पुष्कळ उतरू शकतो, काहींत जवळपास नेहमीसारखा होतो. बाकीच्या बहुतेक प्रकारांत तशी वाट नाही.

गंगापूर_रोड_सायकलवाली
ऑपरेशन म्हणजे गुठळी ओढून काढतात?

ओपीडीनंतरचा_चहा
गुठळी नव्हे, धमनीचं आतलं अस्तर सोलून काढतात, साच्यासारखं फांद्यांसकट. शरीर वीस अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण वीस-वीस मिनिटं पूर्ण थांबवावं लागतं. वाहिनी कोरडी दिसली तरच अस्तराची पातळी सापडते. उथळ गेलं तर काही निघत नाही, खोल गेलं तर धमनी फाटते. म्हणून ज्या टीमचा हात यावर बसलाय तिच्याकडेच जायचं.

पाथर्डी_फाटा
(दहा दिवसांनी) व्हीक्यू झाला. हवा दोन्हीकडे ठीक. रक्ताचे उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन भाग रिकामे. रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय, निदान तीन महिने घेऊन मग पुन्हा बघू म्हणालेत. एक ठिकाण म्हणालं ऑपरेशन होईल. दुसरं म्हणालं जाळं खूप आत, बारीक फांद्यांत आहे, फुग्याने टप्प्याटप्प्याने उघडू आणि वाहिन्या सैल करणारी रिओसिग्वाट ही गोळी देऊ.

ओपीडीनंतरचा_चहा
दोघांपैकी कोण बरोबर, हे इथे बसून सांगणं शक्य नाही. एकाच सीडीवर दोन सर्जनांची दोन मतं होतात, कारण अस्तर कुठपर्यंत पोचता येईल हे हातावर ठरतं. 'होणार नाही' म्हणणाऱ्यांना एकच विचारा, तुमच्याकडे हे ऑपरेशन होतं का. होत नसेल तर जिथे होतं तिथलं आणखी एक मत घ्या.
रिओसिग्वाट आणि सिल्डेनाफिल एकत्र चालत नाहीत, हे औषधाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रक्त गुठळ्या करण्याकडे झुकलंय का ते सांगणारी अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी झालीय का? ती पॉझिटिव्ह आली तर नव्या गोळ्यांपेक्षा वॉर्फरिन बरं, आणि मग रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर बघत राहावं लागेल.

पाथर्डी_फाटा
तपासणी सांगितलीय, रिपोर्ट सोमवारी. वजन चार किलोने उतरलंय, बीपी १०६. परवा ओट्याशी उभी राहून स्वतः भाकरी थापत होती.

प्रोब_आणि_जेल
पुढचा इको त्याच मशीनवर, त्याच माणसाकडून करा. आणि फक्त कागद घेऊन येऊ नका, क्लिपची सीडी मागून घ्या. मार्चची सीडी मिळतेय का बघा, तो ४.२ मला एकदा पाहायचाय.